किराण्याचा लाल पट्टा

ॲपमध्ये किराण्याची मर्यादा 8,000 रुपये ठेवली आणि 15 तारखेलाच 6,200 दिसले, तर आधी नोंदी उघडाव्यात. महिन्याचं वाणसामान एक तारखेलाच भरलं असेल, तर 4,500 तिथेच गेलेले असतात. मागच्या पंधरवड्यात वर 1,700 लागले, म्हणजे उरलेले 1,800 पुरावेत.

खरी गडबड क्रेडिट कार्डाची. दुकानात कार्डाने दिलेले 3,000 किराण्यात नोंदवले जातात. पुढच्या महिन्यात कार्डाचं बिल भरलं की तेच पैसे ‘इतर’मध्ये पुन्हा चढतात. ‘इतर’ एकाएकी फुगलं, तर पहिला संशय यावरच घ्यावा. बिलभरणा ‘ट्रान्सफर’ म्हणून नोंदवायचा. साध्या ॲपमध्ये ती सोय नसेल, तर बिलाची नोंदच करू नये. फक्त व्याज किंवा दंड लागला असेल, तर तेवढाच खर्चात धरावा.