कुलूप लागले म्हणजे सायकल परत झाली काय?

जर्मनीत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेल्या आपल्या तरुण मंडळींकडून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. भाड्याची सायकल नेमून दिलेल्या जागी उभी केली, कुलूपही स्वहस्ते लावले, आणि तरीही सायंकाळी जे बिल आले ते वीस मिनिटांचे नसून तीन तासांहून अधिक वेळेचे होते, अशी ती तक्रार असते. तक्रार करणारा कंपनीने फसविले असे समजतो. परंतु पुष्कळदा फसवणूक कोणीच केलेली नसते. परभाषेतील ॲपवरून घेतलेल्या वाहनाविषयी जे तीनचार गैरसमज रूढ झाले आहेत, त्यांपैकी एकाचे ते फळ असते.

मूळ गोष्ट अशी की या व्यवहारात वाहन जागेवरून हलणे आणि वाहनाचा ताबा बदलणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. सायकलच्या मडगार्डवर किंवा हँडलवर चिकटविलेला क्यूआर कोड मोबाइलने टिपला, अथवा तिचा क्रमांक ॲपमध्ये भरून Ausleihen, म्हणजे ‘भाड्याने घ्या’, हे बटण दाबले, की कंपनीच्या दप्तरी ती सायकल आपल्या नावे चढते, मागील चाकावरचे कडीसारखे कुलूप खटकन् आपोआप उघडते, आणि त्या क्षणापासून भाडे चालू होते. मग आपण ती चालवा, भिंतीला टेकवून ठेवा किंवा तिच्याकडे ढुंकूनही पाहू नका. दप्तरातील नोंद मिटेपर्यंत हिशेब आपल्याच नावावर चालतो.

कुलूप लागले म्हणजे सायकल परत झाली, हा पहिला व सर्वांत महाग पडणारा गैरसमज येथूनच उद्भवतो. हे कुलूप उघडते विजेच्या इशाऱ्याने, पण बंद करावे लागते हाताने: त्याची दांडी खाली दाबावी लागते आणि कडी चाकाच्या आऱ्यांमधून पलीकडे जाऊन बसल्याचा स्पष्ट आवाज यावा लागतो. आरा आडवा आला तर कडी अर्धवट अडकते; अशा वेळी चाक किंचित पुढेमागे करून पुन्हा दाबावे. लायप्झिग शहरात २००४ साली सुरू झालेल्या नेक्स्टबाइकसारख्या सेवेत अधिकृत स्थानकावर असे कुलूप नीट लागले की भाडे सहसा आपोआप संपते. मात्र त्याच ॲपमध्ये Parken नावाचे एक बटण असते, आणि घोटाळा होतो तो येथे.

आपल्या बोलण्यात गाडी पार्क करणे म्हणजे ती लावून निघून जाणे. प्रवास संपविताना पडद्यावर हा शब्द दिसला, किंवा भाषांतर करणाऱ्या साधनाने ‘पार्क करा’ असा त्याचा मराठी प्रतिशब्द समोर ठेवला, की आपल्याला नेमके हेच हवे होते असे वाटून बोट तेथे पडते. वस्तुतः या ॲपमध्ये त्या बटणाचा आशय असा असतो की मी थोडा वेळ दुकानात जात आहे, तोवर सायकल माझ्याच नावे राहू द्या. ती आपल्याकडे आहे, कुलूपबंद आहे, दुसऱ्या कोणालाही मिळणार नाही. अर्थात तिचे भाडेही चालू आहे. सायकल खरोखर परत करण्याचा शब्द Rückgabe हा आहे, आणि उभ्याने चालवायच्या विजेच्या स्कूटरवर बहुधा Fahrt beenden, म्हणजे ‘प्रवास संपवा’.

एक उदाहरण हिशेबासह पाहू. समजा, दर पंधरा मिनिटांना एक युरो असा दर आहे आणि अपुरा टप्पाही पूर्ण धरला जातो. एक विद्यार्थी सकाळी नऊ वाजता घराजवळ सायकल घेतो, नऊ वाजून वीस मिनिटांनी विद्यापीठापाशी पोहोचतो, Parken दाबतो, कुलूप लावतो आणि व्याख्यानाला जातो. दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी भाडे अद्याप चालू असल्याचे त्याच्या ध्यानात येते. प्रवास वीस मिनिटांचा, म्हणजे दोन टप्प्यांचा, दोन युरोंचा. परंतु दप्तरी दोनशे मिनिटे, म्हणजे चौदा टप्पे, नोंदली गेली आहेत आणि आकारणी चौदा युरोंची झाली आहे. हे ध्यानात आले नसते तर आकडा वाढतच गेला असता. काही सेवांत दिवसाची कमाल मर्यादा असते, तिचाच काय तो आधार.

ॲप बंद केले किंवा मोबाइलची बॅटरी संपली की भाडेही थांबते, असेही पुष्कळजण मानतात. तसे होत नाही. नोंद कंपनीच्या संगणकावर असते, आपला मोबाइल केवळ तिकडे निरोप पोहोचवितो. आपल्या भारतीय सिमला त्या ठिकाणी नेटवर्क नसेल तर दाबलेले बटणही पलीकडे पोहोचलेले नसू शकते. म्हणून परत केल्यावर चालू भाड्यांच्या यादीतून सायकल गेली काय, आणि एकूण वेळ व रक्कम दाखविणारी पावती आली काय, एवढे जागेवरच पाहावे. न आल्यास वाहनावर लिहिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर लगेच कळवावे. तासाभराने केलेल्या फोनपेक्षा त्या क्षणीच्या फोनला हिशेब दुरुस्त करून घेताना फार वजन असते.

स्कूटरच्या बाबतीत जागेचा प्रश्न अधिक बिकट आहे. ती कोठेही सोडता येते ही समजूत जर्मन शहरांच्या मध्यवर्ती भागांत बहुधा खोटी ठरते. ॲपच्या नकाशावर रंगवून दाखविलेल्या Parkverbotszone मध्ये, म्हणजे वाहन ठेवण्यास मनाई असलेल्या क्षेत्रात, प्रवास संपविण्याचा हुकूम स्वीकारलाच जात नाही. आणि उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहावरून काढलेले स्थान काही मीटर सरकत असल्यामुळे, आपण योग्य चौकटीत उभे असूनही यंत्र आपल्याला बाहेर समजू शकते. अशा वेळी चिडून निघून जाणे म्हणजे भाडे चालू ठेवणे होय; थोडे मोकळ्या जागेकडे सरकून पुन्हा प्रयत्न करावा. शेवटी छायाचित्र मागितले जाते, त्यात संपूर्ण स्कूटर आणि तिच्या भोवतीची जागा दिसली पाहिजे. पुढे कोणी ती उचलून पदपथाच्या मध्यभागी टाकली तर आपल्या बाजूचा पुरावा तेवढाच असतो.

उलट, जेथे दोष नसतो तेथे दोष पाहिला जातो. स्कूटरचे कुलूप उघडले, वेगाचा खटका दाबला, तरी ती हलत नाही, म्हणून ती बिघडली असे समजून दुसरी घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना पहिलीचे भाडे थांबविण्याची आठवणही राहत नाही. अशा बहुतेक स्कूटरना प्रथम पायाने दोनतीन वेळा रेटा द्यावा लागतो. मंद गती आल्यावरच मोटर जोर धरते. तसेच नोंदणी करताना कार्डावरील काही रक्कम अडवून ठेवल्याचा संदेश येतो, ती बहुधा तात्पुरती अनामत असते, भाडे नव्हे. कार्डच चालेनासे झाले तर भारतातील बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू आहेत काय ते पाहावे. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच मिळते.

स्कूटर म्हणजे खेळणे, ही समजूतही सोडावी. १५ जून २०१९ पासून जर्मनीत तिच्यासाठी स्वतंत्र नियमावली आहे: वय किमान १४ वर्षे, वेग ताशी २० किलोमीटरच्या आत, एका वेळी एकच माणूस, आणि पदपथावर बंदी. मद्यपानाविषयीच्या मर्यादा मोटारचालकाला लागू असतात त्याच.

तेव्हा परदेशी जाणाऱ्या वाचकांनी एवढे करावे: पहिली सायकल घेण्यापूर्वी, घरी निवांत बसून, ॲपच्या सेटिंगमध्ये भाषा बदलता येते काय ते पाहावे, आणि येत नसेल तर घेणे, थांबविणे व परत करणे या तीन बटणांची नावे कागदावर लिहून घ्यावीत.