आकड्याचे कूळ

बँकेकडे जाणाऱ्या बहुतेक प्रकल्प अहवालांत एक वाक्य हमखास सापडते: ‘या उत्पादनाची देशातील बाजारपेठ अमुक हजार कोटींची असून ती दरवर्षी 14 टक्क्यांनी वाढत आहे.’ त्याखाली एखाद्या संशोधन संस्थेचे किंवा बातमीचे नाव असते. कर्ज मागणाऱ्याला त्यामुळे धीर येतो आणि वाचणाऱ्याला अभ्यास केल्यासारखे वाटते. पण हा आकडा जन्मला कुठे, हे दोघांपैकी कुणी शोधलेले असतेच असे नाही. तो शोध न घेतल्याने काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत घडले.

1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे एक विधान सर्वतोमुखी झाले होते: इंटरनेटवरची वाहतूक दर 100 दिवसांनी दुप्पट होते. एप्रिल 1998 मध्ये अमेरिकी वाणिज्य खात्याने डिजिटल अर्थव्यवस्थेवर अहवाल काढला, त्यातही हे विधान आले. सरकारी शिक्का बसल्यावर वर्तमानपत्रे, गुंतवणूक विश्लेषक आणि दूरसंचार कंपन्यांचे नियोजक ते निःशंकपणे उद्धृत करू लागले. पण माग काढत गेले की बहुतेक वाटा वर्ल्डकॉमच्या ‘यूयूनेट’ या कंपनीपाशी पोहोचत होत्या. इंटरनेटची वाहतूक वाहून नेणे हाच तिचा धंदा होता. मागणी भन्नाट वाढते आहे असे जगाला वाटणे तिच्या सोयीचे होते.

आकडा निव्वळ बनावटही नव्हता. 1995-96 च्या सुमारास, वेब नुकते पसरत असताना, वाहतूक खरोखरच काही काळ इतक्या झपाट्याने वाढली होती. तो काळ सरला, विधान मात्र चालूच राहिले. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतील अँड्र्यू ओडलिझ्को आणि केरी कॉफमन यांनी उपलब्ध माहिती जुळवून पाहिली, तेव्हा वाहतूक साधारण वर्षाला दुप्पट होत असल्याचे दिसले. हा वेगही थोडाथोडका नव्हता. पण 100 दिवसांत दुप्पट म्हणजे वर्षात साडेबारा पट आणि तीन वर्षांत जवळजवळ दोन हजार पट! हा गुणाकार कुणीही कागदावर करू शकला असता. दरम्यान प्रचंड लांबीच्या ऑप्टिकल फायबर केबल जमिनीखाली गाडल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा पुढे कित्येक वर्षे वापराविना पडून राहिल्या.

या प्रकरणातून तीन प्रश्न हाती लागतात. आकडा मुळात कुणी मोजला? तो फुगण्यात कुणाचा फायदा होता? आणि तो कोणत्या काळाचा आहे? छापणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून यांची उत्तरे मिळत नाहीत. वाणिज्य खात्याने वाहतूक मोजली नव्हती, फक्त ऐकलेले पुढे सांगितले होते.

आज आपल्याकडे हाच प्रवास वेगळ्या वाटेने होतो. तयार बाजार-अहवाल विकणाऱ्या अनेक कंपन्यांची कार्यालये पुण्यातच आहेत. पूर्ण अहवाल महाग असतो, पण त्याचा सारांश प्रसिद्धिपत्रक म्हणून फुकट फिरतो. वृत्तसंस्था पैसे घेऊनही अशी पत्रके प्रसारित करतात आणि तळाशी ‘या मजकुराची संपादकीय जबाबदारी आमची नाही’ अशा अर्थाची ओळ टाकतात. संकेतस्थळे मजकूर उचलतात आणि ती ओळ गळून पडते. मग एकाच आकड्याच्या दहा बातम्या दिसतात आणि दहा पुरावे असल्याचा भास होतो. ताडून पाहण्याची युक्ती सोपी आहे. दहाही ठिकाणी आकडा अगदी तोच असेल आणि वाक्येही जवळपास तीच असतील, तर पुरावा एकच आहे. दोघांनी खरोखर स्वतंत्रपणे मोजले तर आकड्यांत थोडाफार फरक पडतोच.

पैसे देऊन करून घेतलेला अहवाल खोटाच असतो असे मात्र नाही. शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपन्या सेबीकडे जो मसुदा दाखल करतात, त्यात उद्योगाची माहिती देणारे प्रकरण असते. ते ज्या अहवालावर बेतलेले असते तो कंपनीने स्वतः पैसे मोजून करून घेतला असेल, तर तसे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. हा मसुदा कुणालाही फुकट वाचता येतो. त्यातले भविष्याचे अंदाज हातचे राखून घ्यावेत, पण कंपनीच्या विक्रीचे लेखापरीक्षित आकडे जरूर टिपावेत. अंदाजापेक्षा झालेली विक्री केव्हाही अधिक भरवशाची.

आता हेच एका प्रकल्पाला लावून पाहू. समजा, मराठवाड्यातील एक लाख वस्तीच्या गावात लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल काढायचे आहे. आराखड्यात लिहिले आहे की देशातील ‘कोल्ड प्रेस्ड’ तेलाची बाजारपेठ 1,000 कोटींची असून आठ वर्षांत ती 2,850 कोटींची होईल. गणित बरोबर आहे, कारण दरसाल 14 टक्के वाढीने आठ वर्षांत साधारण तेवढेच होते. पण गणित जुळले म्हणून सुरुवातीचे 1,000 कोटी खरे ठरत नाहीत. शिवाय व्याख्या बघायला हवी. त्या रकमेत खोबरेल, ऑलिव्ह आणि सौंदर्यप्रसाधनांत जाणारी तेले धरली आहेत का? किंमत घाण्यावरची आहे की बाटलीवर छापलेली? मोफत सारांशात याची उत्तरे नसतील, तर तो आकडा आराखड्याचा पाया होऊ शकत नाही.

म्हणून दुसऱ्या टोकाने, गावाकडून मोजावे. चार माणसांचे घर धरले तर गावात 25 हजार घरे होतात. घरटी महिन्याला चार किलो तेल धरू. शंभरातली दोन घरे घाण्याच्या तेलाकडे वळली तर 500 घरे आणि महिन्याला 2,000 किलो तेल. शेंगदाण्यातून सुमारे 40 टक्के तेल निघते असे मानले, तर महिन्याला 5,000 किलो, म्हणजे 25 दिवस रोज 200 किलो दाणे गाळावे लागतील. या हिशेबातही गृहीतके आहेत, पण ती सगळी तपासता येतात. घरटी तेलाचा खप सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाशी ताडता येतो. ‘शंभरात दोन’ हा सगळ्यात कच्चा दुवा, म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या दोन-तीन घाणेवाल्यांकडे रोज किती दाणे गाळले जातात, हे जाऊन विचारायचे. तिथे रोज 60 किलोच निघत असतील, तर देशाची बाजारपेठ हजार कोटींची असो की दहा हजार कोटींची, 200 किलोच्या हिशेबाने यंत्रे घेऊ नयेत.

आराखड्यातले वाक्यही मग बदलते. ‘प्रसिद्धिपत्रकातील अंदाज, मोजण्याची पद्धत दिलेली नाही’ अशी टीप जोडून देशाचा आकडा एका ओळीत आटोपावा आणि गावचा हिशेब त्याच्या गृहीतकांसह सविस्तर मांडावा. शंभरात दोनऐवजी एकच घर वळले तर महिन्याची विक्री 1,000 किलोवर येते. तेवढ्यात कर्जाचा हप्ता निघतो का, हेही त्याच पानावर दाखवावे. कर्ज मंजूर करणाऱ्यालाही 14 टक्क्यांपेक्षा याच उत्तराची जास्त गरज असते.