कौलातला ‘व’ कुठे गेला?

मतदार कौल देतात, जुन्या दप्तरात कौलनामा सापडतो. हा शब्द मूळचा अरबी. अर्थ बोल, वचन. त्याची धातूची अक्षरे तीन: क-व-ल. पण ‘तो म्हणाला’ हे अरबीत सांगायचे तर शब्द होतो ‘काल’ (शेवटचा अकार पूर्ण उच्चारायचा). कौलमध्ये ऐकू येणारा ‘व’ इथे दिसत नाही. अरबी शिकणाऱ्याची पहिली अडखळ इथेच होते.

‘व’ आणि ‘य’ यांना अरबी व्याकरणकार आजारी अक्षरे म्हणतात. मधले अक्षर आजारी असेल तर ते क्रियापद ‘अज्वफ’, म्हणजे पोकळ. शेवटचे आजारी असेल तर ‘नाकिस’, म्हणजे उणे. तिन्ही अक्षरे धडधाकट असली की ‘सहीह’. आपली ‘सही’ त्याच शब्दातून आली.

आधी पोकळ क्रियापद. मूळ रूप ‘कवल’ असायला हवे होते, पण दोन अकारांच्या मध्ये सापडलेला ‘व’ त्यांच्यात विरघळून लांब ‘आ’ होतो. ‘मी’साठी भूतकाळात ‘तु’ लागतो. मी वहीत सुरुवातीला ‘कालतु’ लिहीत असे, आणि ते चूक होते. कारण ‘काल्’ हा तुकडा व्यंजनाने बंद होतो आणि अशा बंद तुकड्यात या क्रियापदाचा लांब ‘आ’ टिकत नाही. तो आखूड होतो आणि आखूड होताना हरवलेल्या अक्षराचा रंग घेतो. ‘व’ असेल तर उकार: ‘कुल्तु’, मी म्हणालो. ‘य’ असेल तर इकार. ‘सैर’ या शब्दात ‘य’ ऐकू येतो ना? त्याचेच ‘सार’, तो चालला. ‘सिर्तु’, मी चाललो.

म्हणजे अक्षर गेले तरी त्याची खूण मागे राहते. मात्र प्रत्येक ‘त’ पाहून स्वर आखूड करायचा नाही. ‘ती म्हणाली’ हे ‘कालत’ होते. तिथे ‘ल’ला स्वतःचा अकार आहे, तुकडा ‘का’वरच मोकळा संपतो, म्हणून ‘आ’ शाबूत राहतो. ‘ते म्हणाले’, ‘कालू’, त्याचेही तसेच. प्रत्यय व्यंजनाने सुरू होतो की स्वराने, एवढेच तपासावे.

एक अपवाद लवकर भेटतो. ‘खौफ’मध्ये ‘व’ स्पष्ट आहे, तरी ‘मी घाबरलो’ हे ‘खुफ्तु’ होत नाही, ‘खिफ्तु’ होते. त्याच्या मूळ साच्यात मधल्या अक्षराला इकार होता, आणि इथे तो इकारच वरचढ ठरतो.

उण्या क्रियापदांत सगळे उलटते, आणि घोळ होतो तो यामुळेच. ‘रमा’ म्हणजे त्याने फेकले, धातू र-म-य. ‘मी फेकले’ म्हणताना ‘य’ जात नाही, उलट प्रकट होतो: ‘रमय्तु’. ‘दावा’ ज्या धातूतून आला त्यातले ‘दआ’, त्याने बोलावले, हेही तसेच: ‘दअव्तु’, मी बोलावले. पोकळ क्रियापदात जो व्यंजनाचा प्रत्यय अक्षर घालवतो, तोच इथे ते परत आणतो. स्वराचा प्रत्यय आला की मात्र इथे पडझड होते. ‘तिने फेकले’ हे ‘रमात’ नव्हे, ‘रमत’. ‘त्यांनी फेकले’ हे ‘रमौ’. ‘य’ गळतो आणि अकार व प्रत्ययाचा ऊ मिळून ‘औ’ राहतो. पोकळाची सवय उण्याला लावून ‘रमतु’ लिहिले की धातूचे एक अक्षर कायमचे गेले म्हणून समजावे.

खात्री करायची तर वर्तमानकाळाचे रूप पाहावे. ‘यकूलु’ म्हटले की ‘व’, ‘यसीरु’ म्हटले की ‘य’. ‘यद्ऊ’ आणि ‘यर्मी’ शेवटची अक्षरे सांगतात. म्हणून क्रियापद पाठ करताना दोन्ही रूपे जोडीनेच पाठ करावीत.

खरी परीक्षा छापील पानावर होते. तिथे आखूड स्वर सहसा छापत नाहीत. समोर फक्त स-र-त अशी तीन अक्षरे येतात. ‘सिर्तु’ असेल तर मी चाललो, आणि कोशात स-य-र खाली शोधायचे. बहुतेक अरबी कोश धातूंच्या क्रमाने लावलेले असतात. पण ‘सरत’ही असू शकते: ती रात्री प्रवासाला निघाली. त्याचा धातू स-र-य, म्हणजे हरवलेला ‘य’ आता शेवटी. एका वाचनात तो मधून गेलेला, दुसऱ्यात टोकाकडून. अक्षरांकडे कितीही टक लावून पाहिले तरी यातले कोणते ते कळत नाही. आधीच्या ओळीत मागे जाऊन चालणारा कोण, ते शोधावे लागते.