कुत्र्याला जुलाब झालेत, उपाशी ठेवायचं का?

‘पोटाला विश्रांती द्या, दिवसभर काही घालू नका,’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. पण आतड्याच्या अस्तराच्या पेशी बरंचसं पोषण आतून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात, त्यामुळे लांबलेला उपास भरून येणंच लांबवतो. समजा, १० किलोचा, लसीकरण झालेला प्रौढ कुत्रा दोन-तीनदा पातळ शी करतोय, पण उलटी नाही आणि शेपूटही हलतंय. त्याला दिवसभरात साधारण २०० ग्रॅम मऊ भात आणि १०० ग्रॅम उकडलेलं, बिनहाडाचं, कातडी काढलेलं चिकन चार-पाच वेळा विभागून द्यावं. मीठ, तूप, कांदा-लसूण नको. शी बांधून आली की दोन-तीन दिवसांत नेहमीचं खाणं हळूहळू मिसळावं. ‘मग दहीभात काय वाईट?’ काहींना पचतो, पण दुधातली साखर न पचणाऱ्यांचे जुलाब त्यानेच वाढतात. आजारपणात प्रयोग कशाला?

पाणी कायम समोर हवं. हिरडीवर बोट टेकवून पाहा: ओलसर, गुळगुळीत लागली तर ठीक, चिकट, कोरडी लागली तर शरीरातलं पाणी कमी झालंय, थेट डॉक्टरांकडे न्या. रक्ताची किंवा डांबरासारखी काळी शी, वारंवार उलट्या, मलूलपणा किंवा दोन दिवसांत उतार नसणं, यातलं काहीही दिसलं तरी तेच. पिल्लू असेल किंवा लस अपुरी असेल तर पार्व्होच्या शक्यतेमुळे घरी थांबूच नये. आणि माणसांची जुलाब थांबवायची गोळी? कोलीसारख्या काही जातींत ती मेंदूवर परिणाम करते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.