मोनोपॉलीत ‘अनेक’ नाहीत

‘मोनो’ म्हणजे एक आणि ‘पॉली’ म्हणजे अनेक, हे उपसर्ग मुलं शाळेत पाठ करतात. मग ‘मोनोपॉली’ समोर आली की गोंधळतात. एक आणि अनेक एकाच शब्दात कसे नांदतील?

नांदत नाहीतच. ग्रीक भाषेत अनेक या अर्थाचा शब्द वेगळा आणि विकणे या अर्थाचं ‘पोलेइन’ हे क्रियापद वेगळं. मोनोपॉलीत आहे ते हे क्रियापद. बाजारात विकणारा एकटाच, म्हणून ती मक्तेदारी. अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’मध्ये तिची एक गोष्ट आहे. थेलीस या तत्त्वज्ञाला लोक गरिबीवरून टोचून बोलत. यंदा ऑलिव्हचं पीक जोरात येणार, हे त्याने ग्रहताऱ्यांच्या अभ्यासावरून ताडलं आणि भर हिवाळ्यात मिलेटस आणि कायोस इथले सगळे तेलघाणे थोडासा इसार देऊन अडकवून ठेवले. चढी बोली लावायला कोणीच नव्हतं, त्यामुळे ते स्वस्तात मिळाले. हंगामात सगळ्यांनाच एकदम घाणे हवे झाले, तेव्हा थेलीस म्हणेल तो भाडेदर ठरला. हेच ‘पोलेइन’ ‘ऑलिगोपॉली’तही आहे; तिथे विक्रेते मोजके असतात.

खरा अनेकवाचक ‘पॉली’ भेटतो ‘पॉलिग्लॉट’मध्ये. ‘ग्लॉटा’ म्हणजे जीभ. अनेक भाषा बोलणारा तो पॉलिग्लॉट. लॅटिनमध्ये जिभेला ‘लिंग्वा’ म्हणतात. त्यामुळे ‘बायलिंग्वल’ म्हणजे द्विभाषिक, ‘ट्रायलिंग्वल’ म्हणजे त्रिभाषिक. हा लॅटिन ‘बाय’ आपल्या ‘द्वि’चा सख्खा भाऊबंद आहे, आणि ‘ट्राय’ तर उघडच ‘त्रि’. मराठी मुलांना हे उपसर्ग द्विदल, त्रिकोण, बहुपदी यांच्या शेजारी बसवून शिकवले, तर घोकायला फारसं काही उरत नाही.

फक्त नुसत्या सुरुवातीवर विसंबू नये. उपसर्ग बाजूला काढल्यावर मागे राहतं त्याला अर्थ हवा. ‘युनिफॉर्म’मधून ‘युनि’ काढला की ‘फॉर्म’ उरतो. एकच रूप, म्हणून गणवेश. ‘अनइम्पॉर्टंट’चं स्पेलिंगही यू-एन-आय असंच सुरू होतं, पण ती तीन अक्षरं काढली तर उरतं ते निरर्थक. तिथला उपसर्ग नकाराचा ‘अन’ आहे. ‘बायॉलॉजी’त ही चाचणी पुरत नाही, तिथे अर्थच पाहावा लागतो. जीवशास्त्रात ‘दोन’ कुठून येणार? ते ‘बायो’ जीवनाचं.

आणि ‘बायवीकली’त तर उपसर्ग ओळखूनही उलगडा होत नाही. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे दोन्ही अर्थ शब्दकोश देतात. बैठक ‘बायवीकली’ असल्याचा निरोप आला, तर सरळ तारीख विचारून घ्या.