रिकाम्या रकान्याचे गुण किती?

जुन्या शिक्षकांच्या गुणवहीत तीन प्रकारच्या नोंदी असत. आकडा, शून्य आणि आडवी रेघ. आकडा म्हणजे मिळवलेले गुण, शून्य म्हणजे लिहिले पण काहीच जमले नाही, आणि रेघ म्हणजे कार्टे उगवलेच नाही. रेघेचेही दोन अर्थ असत. उनाडक्या करत बुडवले त्याचीही रेघ आणि टायफॉइडने अंथरुणावर होता त्याचीही रेघच. पण कोणती रेघ कोणाची हे मास्तरांना पाठ असे. वर्षाच्या शेवटी बेरीज करताना ते एका रेघेपुढे शून्य धरत, तर दुसरी खुशाल सोडून देत. हे कुठे लिहून ठेवावे लागत नसे.

आता ही गुणवही संगणकाच्या पडद्यावर गेली आहे. अनेक महाविद्यालयांत प्रत्येक विषयाचे एक पान असते. त्यावर शिक्षक कामे देतात, मुदती घालतात, मुले घरूनच काम पाठवतात आणि गुणांची बेरीज यंत्र करते. या कामासाठी जी साधने वापरली जातात त्यांत ‘मूडल’ हे फार पसरलेले आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी मार्टिन डुगियामस यांनी ते लिहायला घेतले, 2002 साली त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि ते फुकट असल्यामुळे ते आयआयटी मुंबईपासून तालुक्याच्या कॉलेजापर्यंत पोचले. शिक्षकांना अशी पाने लावून देणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. बहुतेकांची भीती ‘मला हे जमेल का’ अशी असते. माझी काळजी निराळी असते. यंत्राला रेघेचा अर्थ ठाऊक नसतो, आणि तो सांगायचा राहून गेला तर पोराच्या निकालात काय होईल, ही.

एका तालुक्याच्या कॉलेजातल्या मराठीच्या बाईंचे उदाहरण सांगतो. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात 62 मुले. सत्रात चार कामे, प्रत्येकी 20 गुणांची: एका कथेचा सारांश, आजी-आजोबांकडून गोळा केलेले बोलीतले शब्द, गावातल्या एखाद्या कारागिराची मुलाखत आणि पुस्तकाचे परीक्षण. बाई म्हणाल्या, ‘‘सर, मला सजावट नको. मुलांना तारीख कळली पाहिजे आणि गुण खरे आले पाहिजेत.’’ एवढे नेमके मागणे क्वचितच ऐकायला मिळते.

तारखेपासून सुरुवात केली. काम तयार करताना मूडल दोन वेगळ्या मुदती विचारते. एक Due date, म्हणजे काम देण्याचा दिवस. तो उलटला तरी दार बंद होत नाही. काम स्वीकारले जाते, फक्त त्यापुढे किती उशीर झाला ते दिसते. दुसरी Cut-off date. ती उलटली की दाराला कुलूप. पुष्कळ शिक्षक पहिली तारीख घालतात, दुसरी तशीच सोडतात, आणि मग सत्र संपताना मागच्या महिन्यांची कामे येऊन पडतात तेव्हा कपाळाला हात लावतात. बाईंनी ठरवले की दोहोंमध्ये पाच दिवसांचे अंतर ठेवायचे. त्या पाच दिवसांत आलेल्या कामाचे दोन गुण कापायचे, आणि हे कामाच्या वर्णनातच लिहायचे. हे दोन गुण यंत्र आपणहून कापत नाही. उशीर दाखवणे एवढेच त्याचे काम. कात्री बाईंच्याच हातात.

यातला एक खड्डा फार जुना आहे. नवे काम उघडले की Due date मध्ये तारखेच्या पुढे वेळ 00:00 अशी आयती भरलेली असते. शिक्षक तारीख बदलतात आणि वेळेकडे पाहतही नाहीत. आता 15 ऑगस्टचे 00:00 म्हणजे 14 तारखेची मध्यरात्र, 15 तारीख उजाडण्याचीही आधी. बाई वर्गात सांगणार ‘15 पर्यंत’, मूल 15 तारखेला संध्याकाळी झेंडावंदनाचे लाडू पचवून काम पाठवणार आणि पडद्यावर उशिराचा शिक्का बसणार. उपाय सोपा: वेळ 23:55 करायची. असे झाले आहे हे ओळखण्याची खूणही सोपी आहे. एकाच कामात अर्ध्याअधिक वर्गाला एका दिवसापेक्षा कमी उशीर दिसला, तर वर्गाला रागावण्याआधी घड्याळ पाहावे.

तिथेच खाली एक प्रश्न असतो: Require students to click the submit button. त्याचे उत्तर Yes ठेवले, तर फाइल चढवूनही काम ‘दिले’ असे होत नाही. मुलाने शेवटचे बटण दाबेपर्यंत ते Draft म्हणजे कच्चेच राहते. मोठ्या प्रबंधाला हे ठीक. पण आमची मुले मोबाइलवरून, एसटीत बसून काम पाठवणारी. फाइल चढली की काम झाले असे ती धरून चालतात. म्हणून इथे No केले.

आता मुख्य गोष्ट, गुणांची. मूडलच्या गुणवहीत ज्याला गुण दिलेले नाहीत त्याच्या रकान्यात एक आडवी रेघ दिसते. दिसायला ती थेट मास्तरांची रेघ. पण बेरजेच्या वेळी यंत्र तिचे काय करते, हे एका खुणेवर ठरते. Gradebook setup मध्ये जाऊन एकूण गुणांच्या मांडणीत खोल शिरले की Exclude empty grades अशी एक चौकट सापडते. ती बहुधा आधीच टिचकी मारलेली असते. अर्थ असा की रिकामे रकाने हिशेबातच धरायचे नाहीत.

बाईंना मी कागदावर तीन मुलांचा हिशेब मांडून दाखवला. पहिल्या मुलीने चारही कामे दिली: 14, 13, 15, 14. बेरीज 56, पैकी 80. म्हणजे 70 टक्के. दुसऱ्या मुलाने एकच काम दिले, पण झकास. 20 पैकी 16. बाकी तीन रेघा. चौकटीत टिचकी असेल तर यंत्र तीन रेघा सोडून देते आणि 20 पैकी 16 म्हणजे 80 टक्के दाखवते! चारही कामे नेमाने करणाऱ्या मुलीच्या वर हा एकदाच उगवलेला गडी. बाई कागदाकडे बघतच राहिल्या.

साहजिकच पहिला विचार येतो की टिचकी काढून टाकावी. काढली की प्रत्येक रेघ शून्य होते, आणि त्या मुलाचे 80 पैकी 16, म्हणजे 20 टक्के, असा खरा हिशेब येतो. पण हे सत्र संपताना. ऑगस्टमध्ये पहिलेच काम तपासून झाले असेल, तर उरलेल्या तीन कामांच्या रेघाही यंत्र शून्य धरते. ती कामे अजून व्हायचीच आहेत हे त्याला कोण सांगणार? 20 पैकी 14 मिळवणाऱ्या मुलीला आपल्या पानावर 17.5 टक्के दिसतात आणि ती घरी रडत जाते. अशा वेळी पालकांचा फोन येतो तो बाईंना, यंत्राला नाही.

आणि तिसरे मूल राहिलेच. तिसऱ्या मुलीने तीन कामे दिली, 12, 15, 15. चौथ्याच्या वेळी ती इस्पितळात होती. बाईंनी प्रमाणपत्र पाहून तिला ते काम माफ केले. तिचा न्याय्य हिशेब 60 पैकी 42, म्हणजे 70 टक्के. सरसकट शून्य धरले तर तोच 80 पैकी 42, म्हणजे 52.5 टक्के होतो. आजारपणाची शिक्षा साडेसतरा टक्के!

तेव्हा चौकट कुठल्याही बाजूला ठेवा, एकट्या चौकटीने न्याय होत नाही. आम्ही ठरवले ते असे. टिचकी सत्रभर तशीच राहू द्यायची, म्हणजे न झालेल्या कामांची भुते कोणाला दिसणार नाहीत. प्रत्येक कामाची Cut-off date उलटली की आलेली कामे बाईंनी तपासायची आणि मग ज्यांचे काम आलेच नाही त्यांच्यापुढे हाताने शून्य लिहायचे. माफ केलेल्याची रेघ तशीच ठेवायची, आणि गुणवहीत त्या रकान्यावर ‘हिशेबातून वगळा’ ही खूणही करायची. ही खूण असली की पुढे कोणी ती टिचकी काढली तरी त्या मुलीला धक्का लागत नाही.

शून्य कुठे लिहायचे यालाही महत्त्व आहे. गुणवहीत सगळे रिकामे रकाने एका फटक्यात भरण्याची सोय आहे, आणि ती मोहात पाडते. पण ती आलेले-न आलेले पाहत नाही. नुसते रिकामे पाहते. काम आले आहे पण बाईंनी अजून तपासलेले नाही, त्यालाही शून्य. शिवाय गुणवहीत थेट लिहिलेला आकडा यंत्र ‘शिक्षकाने मुद्दाम बदललेला’ असे समजून धरून ठेवते. मग कामाच्या पानावर नंतर 15 गुण दिले तरी गुणवहीत शून्यच दिसत राहते. तिथे दिले, इथे येत नाहीत, असे घडले की तो रकाना वेगळ्या रंगात रंगलेला आहे का ते पाहावे. असला तर त्यावरची Overridden ही खूण काढावी. हा सगळा घोळ टाळायचा तर शून्य कामाच्या स्वतःच्या पानावरच लिहिणे बरे. तिथे Not submitted असा गाळणीचा पर्याय निवडला की फक्त न आलेल्यांची नावे उरतात, आणि Quick grading चालू केले की यादीतच आकडे भरता येतात. पहिल्या कामाला बाईंकडे अशी नऊ नावे निघाली. एकाची मुदत त्यांनी घरच्या लग्नामुळे Grant extension वापरून वाढवली होती, ते नाव सोडले. उरलेल्या आठांपुढे शून्य लिहायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांतली एक मुलगी बाईंच्या टेबलाशी आली. ‘‘बाई, माझी रेघ होती तिथं शून्य झालंय.’’ बाईंनी तिला कुलूप पडल्याची तारीख दाखवली, आणि पुढच्या कामाचीही. पुढचे काम बोलीतल्या शब्दांचे होते. तिने ते मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवले, आजीच्या तोंडचे 43 शब्द, आणि खाली बाईंसाठी एक ओळ: ‘आता रेघ नाही ना, बाई?’