८८ टक्के उद्दिष्ट, ७६ टक्के बोनस

पगारपत्रकांचं काम करताना दर मे महिन्यात एक वाक्य ऐकावं लागतं: "मी ८८ टक्के टार्गेट केलं, मग व्हेरिएबल ८८ टक्के का नाही? कंपनीने मधले पैसे खाल्ले." खाल्ले नाहीत. पण ज्या पत्रात नुसता 'देय रक्कम ९१,२०० रुपये' एवढाच आकडा असतो, ते पत्र वाचून दुसरं काय वाटणार?

बहुतेक योजनांत उद्दिष्ट आणि मोबदला एकाच वेगाने चढत नाहीत. एक नेहमीची रचना घ्या. वर्षाचं व्हेरिएबल १,२०,००० रुपये. त्यातले ७० टक्के, म्हणजे ८४,००० रुपये, स्वतःच्या विक्रीवर आणि उरलेले ३६,००० कंपनीच्या निकालावर. उद्दिष्टाच्या ८० टक्क्यांखाली त्या भागाचं काहीच मिळत नाही. ८० टक्के गाठले की निम्मी रक्कम मिळते आणि तिथून शंभरपर्यंत प्रत्येक टक्क्याला अडीच टक्के वाढतात.

आता ५० लाखांच्या उद्दिष्टावर ४४ लाखांची विक्री झाली, म्हणजे ८८ टक्के. ऐंशीच्या वरचे आठ टक्के गुणिले अडीच म्हणजे वीस, त्यात पहिले पन्नास मिळवून ७० टक्के. ८४,००० चे ७० टक्के झाले ५८,८००. कंपनीने स्वतःचं उद्दिष्ट ९६ टक्के गाठलं, त्याच हिशोबाने त्या भागाचे ९० टक्के, म्हणजे ३२,४००. बेरीज ९१,२००, एकूण व्हेरिएबलच्या ७६ टक्के.

हीच चार वाक्यं पत्रात लिहायला काय हरकत आहे? आणि ती वर्षाच्या सुरुवातीच्या पत्रातही हवीत, कारण खरी मेख ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. विक्री ४० लाखांऐवजी साडेएकोणचाळीस लाखांवर थांबली, तर स्वतःच्या भागाचे ४२,००० रुपये जातात आणि शून्य उरतं. हे मार्चमध्ये कळून उपयोग नाही. शंभराच्या वर काय मिळतं आणि कमाल मर्यादा कुठे आहे, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.

"सीटीसीत लिहिलंय म्हणजे मिळणारच" हेही खरं नाही. तिथे सहसा शंभर टक्के उद्दिष्टाची रक्कम धरलेली असते.

"कायद्याने ८.३३ टक्के मिळतातच ना?" तो वैधानिक बोनस. १९६५ च्या कायद्यात होता, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे, पण ठराविक वेतनमर्यादेपर्यंतच्या कर्मचाऱ्यांसाठी. व्हेरिएबल हा कराराचा भाग, त्याचे नियम तुमच्या पत्रात.

"बोनसवर कर जास्त लागतो" असंही नाही. तो पगारातच मिळवला जातो आणि नेहमीच्याच टप्प्यांनी कर लागतो. फक्त त्या महिन्यात कपात मोठी दिसते.

मध्येच रुजू झालेल्यांना सहसा महिन्यांच्या प्रमाणात मिळतं, म्हणून मोबदल्याचा टक्का तपासण्याआधी मूळ रक्कम किती महिन्यांची धरली आहे ते पाहा.